ठिपका, रेघ आणि फुली

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेअकराला भाचीचा फोटो आला. फोटोत पलंगावर एक राखाडी स्वेटर पसरलेला होता आणि मापासाठी शेजारी पाण्याची बाटली ठेवलेली. सहा वर्षांच्या पोराला नीट बसेल एवढाच तो उरला होता. खाली एक ओळ : "मामा, हा परत मोठा होईल का?"

ती ऑक्टोबरात जर्मनीतल्या आखेनला शिकायला गेली. मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे घरात कुणाचं काही आटलं, रंग गेला, डाग पडला की प्रश्न माझ्याकडे येतो. मी लेबलचा फोटो मागवला. त्यावर पाण्याचं घमेलं होतं आणि घमेल्यात बुडवलेला हात. म्हणजे फक्त हातानं धुवा. भाचीनं कुठंतरी वाचलं होतं की हाताच्या खुणेला पाणी जास्तीत जास्त 40 अंश चालतं. ते खरंच आहे. पण तिनं त्यावरून मशीन 40 वर लावलं. आकडा बरोबर घेतला, हात सोडून दिला.

"होणार नाही," असं मी कळवलं. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि अडकलेले सुटत नाहीत. कॉटनचा शर्ट आटतो, तेव्हा थोडा ओढून इस्त्री केली तर काही भाग परत मिळतो. लोकरीचं तसं नाही. तिचा नमदा होतो, आणि नमद्याची पुन्हा लोकर होत नाही.

तेव्हापासून नवा कपडा धुण्याआधी लेबलचा फोटो येतो. त्यातल्याच एका फोटोवरून ही खुणांची भाषा समजावून घेऊ.

पाच आकृत्या आणि तीन खुणा

ही चिन्हं युरोपात रुजली ती जिनेटेक्स या संस्थेमुळे. 1963 मध्ये पॅरिसला तिची स्थापना झाली. पुढे तीच चिन्हं आयएसओ 3758 या आंतरराष्ट्रीय मानकात आली. आकृत्या पाचच आहेत. घमेलं म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्री म्हणजे इस्त्री आणि नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनरचं काम. त्या ठरलेल्या क्रमानं छापतात, हे लक्षात ठेवा. फोटो पुसट असला तर हा क्रमच कामाला येतो.

आकृतीवर ज्या खुणा येतात त्या मुख्यतः तीन. ठिपके म्हणजे उष्णता. जितके ठिपके जास्त, तितकी उष्णता जास्त चालते. आकृतीच्या खालच्या आडव्या रेघा म्हणजे नाजूकपणा. रेघा जितक्या जास्त, तितका हात हलका. आणि फुली म्हणजे अजिबात नाही.

यातली प्रत्येक खूण कमाल मर्यादा सांगते. घमेल्यात 40 लिहिलं आहे म्हणजे 40 वरच धुवा असं नाही, 40 च्या वर जाऊ नका असा त्याचा अर्थ. 30 वर धुतलं तर कपड्याची काही तक्रार नसते. निघाले तर डागच कमी निघतील. लेबल वाचताना शंका आली तर खालच्या बाजूला राहायचं, एवढा एक नियम पाळला तरी बरेच कपडे वाचतात.

फोटोत काय दिसतं, काय निसटतं

भाचीनं दुसऱ्या स्वेटरचं लेबल पाठवलं, ते कपाटासमोर उभं राहून, डाव्या हातात चुरगळून धरून काढलेलं. घमेलं दिसत होतं, त्यात 30 दिसत होतं. पण खाली एक काळपट पट्टा होता. ती रेघ एक की दोन, की घडीची सावली? एका रेघेचा आणि दोन रेघांचा फरक मशीनच्या वेगळ्या प्रोग्रॅमएवढा मोठा असतो, म्हणून मी दुसरा फोटो मागितला.

लेबल टेबलावर सपाट ठेवून बोटांनी ताणायचं. फोन लेबलला चिकटवायचा नाही, हातभर लांब धरून झूम करायचं. फार जवळून कॅमेऱ्याला बारीक अक्षरं धूसर दिसतात. सॅटीनच्या चकचकीत लेबलवर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो, म्हणून उजेड बाजूनं येऊ द्यायचा. लेबल बहुधा डाव्या कुशीच्या शिवणीत असतं आणि पुस्तकासारखी त्याची दोन-तीन पानं असतात. सगळ्या पानांचे, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. पहिल्या फोटोत पाचपैकी एखादी आकृती नसली तर ती बहुधा पुढच्या पानावर असते.

फोटो उलटा आला आहे का, हे घमेल्यावरून आणि इस्त्रीवरून कळतं. घमेल्याचं तोंड वर हवं, इस्त्रीची मूठ वर हवी. उलट्या फोटोत खालच्या रेघा वर जातात आणि त्या पाण्याच्या लाटा वाटू लागतात.

दोन ठिकाणी डोळा हमखास फसतो. पहिलं म्हणजे त्रिकोण. त्रिकोणाच्या आत एकाच दिशेला झुकलेल्या दोन समांतर रेघा असतील तर एका प्रकारचं ब्लीच चालतं. रेघा एकमेकींना छेदत असतील तर कुठलंच चालत नाही. पुसट छपाईत दोन्ही सारखंच दिसतं. अशा वेळी रेघांची टोकं पाहायची. फुलीची टोकं त्रिकोणाच्या बाहेर आलेली असतात, समांतर रेघा आतच राहतात. दुसरं म्हणजे वर्तुळ. चौकोनाच्या आत वर्तुळ असेल तर तो वाळवायचा ड्रायर. चौकोनाशिवाय नुसतं वर्तुळ असेल तर तो ड्रायक्लीनर. फोटो कापताना चौकोनाची कड गेली तर एकाचं दुसरं होतं.

दुसऱ्या फोटोत सगळं स्वच्छ आलं. घमेलं, आत 30, खाली दोन रेघा. त्रिकोणावर फुली. वर्तुळाच्या चौकोनावर फुली आणि शेजारी आणखी एक चौकोन, त्यात आडवी रेघ. इस्त्री, आत एक ठिपका. शेवटी वर्तुळात पी. वरच्या पानावर कापड : 50 टक्के लोकर, 30 टक्के ॲक्रिलिक, 20 टक्के पॉलिअमाइड, म्हणजे आपण ज्याला नायलॉन म्हणतो ते.

घमेलं : तिथलं 40 म्हणजे खरोखर 40

आपल्याकडे बरेच जण वॉशिंग मशीन नळाच्या पाण्यावर चालवतात. वरून झाकण उघडायचं, पाणी भरायचं, बटण दाबायचं. कपडे गरम पाण्यात मशीनला टाकायची सवय फार घरांत नाही. युरोपातलं समोरून दार उघडणारं मशीन मात्र थंड पाणी घेतं आणि पोटातल्या हीटरनं स्वतः तापवतं. बटण 40 वर असलं तर पाणी खरोखर त्या आसपास जातं. इथून गेलेल्या माणसाला 40 म्हणजे कोमट, म्हणजे काही नाही, असं वाटतं. लोकरीला ते तसं नसतं.

दोन रेघांचा अर्थ तापमानाशी लावायचा नाही. तापमान आकड्यानं सांगून झालं. रेघा घुसळणीबद्दल बोलतात. एकही रेघ नसेल तर नेहमीचं धुणं. एक रेघ असेल तर हलकं, आणि ड्रम अर्धाच भरायचा. दोन रेघा असतील तर अगदी हळुवार, आणि ड्रम एक तृतीयांश. आखेनच्या वसतिगृहाच्या तळघरातल्या मशीनवर दोन रेघांसाठी दोन जागा आहेत, 'फाइनवेशे' म्हणजे नाजूक कपडे आणि 'वोले' म्हणजे लोकर. लोकरीच्या प्रोग्रॅममध्ये ड्रम गरगर फिरत नाही. जास्त पाण्यात पाळण्यासारखा थोडा हलतो आणि थांबतो. भाचीला वाटलं, पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्रॅम लावला तर कपड्याला कमी त्रास. पण थोड्या वेळात कपडे निघावेत म्हणून तो प्रोग्रॅम ड्रम नेटानं फिरवतो. कमी वेळ म्हणजे हलका हात नव्हे.

पिळण्याचे फेरे वेगळ्या बटणावर असतात. चादरी-टॉवेलला 1400 चालतात. या स्वेटरला 600 किंवा त्याहून कमी, असं मी सांगितलं.

भाचीची एक मैत्रीण अमेरिकेत आहे. तिच्या लेबलवर घमेल्यात आकड्याऐवजी ठिपके होते. तिथली पद्धत तशीच आहे. एक ठिपका 30 अंश, दोन 40, तीन 50. रेघांचा अर्थ तोच. जपाननं आपली जुनी वेगळी चिन्हं सोडून डिसेंबर 2016 पासून ही आंतरराष्ट्रीय चिन्हं घेतली. त्यामुळे तिथं जुना कपडा विकत घेतला तर लेबलवर अनोळखी आकृत्या भेटू शकतात.

त्रिकोण : पावडरीत लपलेलं ब्लीच

त्रिकोणावर फुली बघून भाचीनं लिहिलं, "मी ब्लीच वापरतच नाही, हे सोडून देऊ ना?" सगळ्यांत जास्त माणसं इथंच चुकतात. आपल्या डोक्यात ब्लीच म्हणजे पावसाळ्यात विहिरीत टाकतात ती उग्र वासाची पावडर. ते क्लोरीनचं ब्लीच. ब्लीचचा दुसरा प्रकार ऑक्सिजनचा. त्याला वास नसतो आणि ते बाटलीत वेगळं विकत घ्यावं लागत नाही, कारण ते साबणाच्या पावडरीतच मिसळलेलं असतं.

जर्मन दुकानात 'फोलवाशमिटल' नावाची पावडर मिळते, म्हणजे सर्व कामांचा साबण. तिच्यात हे ऑक्सिजन ब्लीच असतं. पांढऱ्या चादरींवरचा चहाचा डाग जातो तो त्याच्यामुळे. तोच साबण पातळ रूपात घेतला तर त्यात ब्लीच नसतं, कारण द्रवात ते टिकत नाही. रंगीत कपड्यांसाठीचा 'कलर' साबण घेतला तर पावडरीतही ब्लीच नसतं. उलट निघालेला रंग दुसऱ्या कपड्यावर बसू नये म्हणून त्यात वेगळं द्रव्य घातलेलं असतं.

म्हणजे त्रिकोण बाटली घ्यायची का एवढंच विचारत नाही, कुठला साबण घ्यायचा तेही सांगतो. त्रिकोण रिकामा असेल तर दोन्ही ब्लीच चालतात. आत दोन तिरप्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनचं, म्हणजे सर्व कामांची पावडर बेलाशक वापरा. फुली असेल तर बिनब्लीचचा साबण. गडद रंगाचा शर्ट चार-सहा धुण्यांत एकसारखा फिकट पडला तर आधी साबणाच्या डब्यावरचं नाव बघावं.

लोकरीला आणखी एक पथ्य आहे. लोकर म्हणजे केस, आणि केस म्हणजे प्रथिन. अनेक साबणांत प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, जे रक्ताचा किंवा दुधाचा डाग काढतं. डाग आणि स्वेटर यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून लोकर-रेशमासाठी वेगळा पातळ साबण मिळतो. भाचीनं तो घेतला.

चौकोन : दांडी नव्हे, टेबल

चौकोनातलं वर्तुळ म्हणजे गरम हवेत कपडे फिरवणारा ड्रायर. त्यात दोन ठिपके असतील तर नेहमीची उष्णता, साधारण 80 अंशांपर्यंत. एक ठिपका असेल तर 60 पर्यंत. इथं फुली होती, आणि ती का हे आता सांगायला नको. उष्णता आणि आपटणं, दोन्ही एकदम.

कॉटनचे टी-शर्टही ड्रायरमध्ये आखूड होतात, त्याचं कारण मात्र वेगळं. आमच्या धंद्यात कापड स्टेंटर नावाच्या लांबलचक मशीनमधून जातं. तिथं ते दोन्ही काठांना धरून, ताणून, गरम हवेत सुकवतात. त्या ताणात ते काही काळ राहतं. पुढं ओलं होऊन मोकळेपणी फिरलं की ते आपल्या मूळ मापाकडे परततं. गिऱ्हाइकाला वाटतं कपडा आटला. खरं तर ताणलेला कपडा सैल झालेला असतो.

दुसऱ्या चौकोनातली आडवी रेघ म्हणजे आडवं पसरून वाळवा. उभी रेघ असती तर दांडीवर टांगायला परवानगी होती. रेघा दोन असतील तर न पिळता, पाणी निथळत ठेवायचं. चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरपी रेघ असेल तर सावलीत.

स्वेटर आडवाच का? लोकर पाणी भरपूर धरते. ओला स्वेटर हातात घेतला की वजन कळतं. तो खांद्यांवर टांगला की ते वजन खाली ओढत राहतं आणि सकाळी बाह्या गुडघ्याला टेकतात. म्हणून स्वेटर कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट चटईसारखा गुंडाळायचा, वरून दाबायचं, पिळायचं नाही. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर हातानं मूळ आकार देऊन ठेवायचा. आखेनच्या थंडीत भाचीच्या खोलीत तो वाळायला दोन दिवस लागले. मधे एकदा उलटला. खिडकीखालच्या हीटरवर टाकायचा मोह तिला झाला होता, तो तिनं आवरला.

इस्त्री आणि वर्तुळ

इस्त्रीत एक ठिपका म्हणजे बुडाचं तापमान 110 ते 120 अंशांच्या आसपास, दोन म्हणजे 150 ते 160, तीन म्हणजे 200 ते 210. आपल्याकडच्या इस्त्रीच्या चकतीवरही हे ठिपके असतात. 'सिल्क' आणि 'कॉटन' या शब्दांच्या शेजारी बघा.

"लोकरीला तर दोन ठिपके चालतात ना?" भाचीनं विचारलं. तोवर ती बरीच तयार झाली होती. निव्वळ लोकरीला सहसा चालतात. पण या स्वेटरमध्ये 30 टक्के ॲक्रिलिक आहे. ॲक्रिलिक उष्णतेनं मऊ पडतं, आणि वाफ मिळाली तर आणखीच. एकदा दाबलं गेलं की विणीचा फुगीरपणा जातो, चकाकी येते आणि ती तशीच राहते. मिश्र कापडाची मर्यादा त्यातला सगळ्यांत नाजूक धागा ठरवतो. ठिपका एकच असताना वाफही सोडायची नाही. काही लेबलांवर इस्त्रीच्या बुडाखाली वाफेच्या रेघा काढून त्यांवर वेगळी फुली असते, तिचाही अर्थ तोच.

शेवटचं वर्तुळ आणि त्यातलं अक्षर ड्रायक्लीनरसाठी आहे. पी आणि एफ ही कोणता द्रव वापरायचा याची अक्षरं. डब्ल्यू असेल तर तज्ज्ञानं पाण्यातच, पण खास पद्धतीनं धुवायचं. आपल्याला एवढंच पुरतं की वर्तुळावर फुली असेल तर कपडा ड्रायक्लीनला द्यायचा नाही. अक्षर असेल तर देता येतो, द्यायलाच हवा असं नाही. घमेल्यावर फुली असेल तेव्हाच तो एकमेव रस्ता उरतो. या स्वेटरचं घमेलं मोकळं होतं, म्हणून ड्रायक्लीनचे युरो वाचले.

लेबल नसलेला कुर्ता

स्वेटर धुऊन, वाळून, मापात परत आला. त्यानंतर महिनाभर फोटो नाही. मग एका रविवारी आला तो कोल्हापुरात घेतलेल्या निळ्या ठशांच्या कुर्त्याचा. लेबलवर फक्त माप आणि '100 टक्के कॉटन'. एकही आकृती नाही.

यात नवल नाही. युरोपीय संघातसुद्धा कापडात कोणता धागा किती आहे हे लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे, जपणुकीची चिन्हं नाहीत. अमेरिकेत मात्र जपणुकीची माहिती द्यावीच लागते. चिन्हं नसली की धाग्याचं नाव वाचून मर्यादा आपणच काढायची.

कॉटन स्वतः दणकट असतं. त्याला कडक पाणीही चालतं, तीन ठिपक्यांची इस्त्रीही चालते. इथं नाजूक आहे तो रंग. मी तिला एक जुनी परीक्षा सांगितली. पांढरा रुमाल ओला करायचा, कुर्त्याच्या आतल्या दुमडीवर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. रुमालावर निळा ठसा उमटला तर रंग सुटतो आहे असं समजायचं.

तासाभरानं दोन फोटो आले. एकात रुमाल होता, मधोमध फिकट निळा डाग असलेला. दुसऱ्यात वहीचा कागद. त्यावर तिनं पेननं घमेलं काढलं होतं, आत 30, खाली एक रेघ. त्रिकोणावर फुली. वर्तुळाच्या चौकोनावर फुली, शेजारच्या चौकोनात उभी रेघ आणि कोपऱ्यात तिरपी. इस्त्री काढली होती, पण ती रिकामी ठेवली होती. खाली लिहिलं होतं, "एकटाच धुईन, कलर साबणात. इस्त्रीत ठिपके दोन की तीन?"

कापडाला तीन चालले असते. पण रंग रुमालावर उतरला होता तो इस्त्रीच्या उष्णतेनंच. मी लिहिलं, "दोन. आणि कुर्ता उलटा करून."